चोरीला गेलेल्या दुचाकीचा दावा: ‘सी रिपोर्ट’ यायचा असताना विमा कंपनीकडून काम पुढे कसं सरकवावं

18 जानेवारी 2025 ला, शनिवारी संध्याकाळी, बेळगावात गणपत गल्लीच्या तोंडाशी लावलेली माझी गाडी अर्ध्या तासात गेली. गाडी कोल्हापुरात घेतलेली, नंबर एमएच-09, विमाही तिथलाच. कामानिमित्त मी आठ महिन्यांपूर्वी बेळगावला आलो होतो. तक्रार कर्नाटक पोलिसांकडे, दाव्याची फाइल पुण्यात आणि मधे मी, अशी माझी अवस्था होती. पैसे 16 जूनला मिळाले आणि पोलिसांचा शेवटचा अहवाल, म्हणजे ‘सी रिपोर्ट’, कोर्टातून सप्टेंबरमध्ये हातात आला. म्हणजे अहवालाच्या आधी तीन महिने दावा निघाला. हे कसं जमलं ते इथे क्रमाने लिहितो. निपाणी, खानापूर, चंदगड भागातल्या बऱ्याच जणांची कागदपत्रं माझ्यासारखीच दोन राज्यांत वाटलेली असतात.

1. आधी पॉलिसी उघडा

1 सप्टेंबर 2018 नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा आहे, पण तो फक्त समोरच्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. चोरीची भरपाई मिळते ती ‘ओन डॅमेज’ भागातून, आणि हा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. ‘पाच वर्षांचा विमा आहे’ एवढ्यावर विसंबून दुसऱ्या वर्षी तो भाग न भरलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी पुढचं काहीच लागू होत नाही.

पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ असा आकडा असतो, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. चोरीत तोच आधार धरतात, त्यातून पुन्हा घसारा कापत नाहीत. माझा आयडीव्ही 62,000 रुपये होता.

2. पहिल्या दोन दिवसांत करायचं

पोलिसांकडे त्याच दिवशी जा. ‘आधी दोन दिवस शोधा, मित्रांना विचारा, मग या’ असं ऐकून परत फिरू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मी संध्याकाळी सातला गेलो, अर्ज घेतला गेला, पण गुन्हा दुसऱ्या दिवशी दाखल झाला. अर्जाच्या पोचेवर 18 तारखेचा शिक्का होता, म्हणून पुढे उशिराचा प्रश्न आलाच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खाली चोरीचा गुन्हा नोंदतात. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या.

त्याच रात्री विमा कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून दावा क्रमांक घ्या. फोननंतर एक ईमेलही पाठवा, फोनचा पुरावा नंतर कुणी काढून देत नाही. कंपनीला कळवायला उशीर झाला असला तरी खचून जायचं कारण नाही. गुरशिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे की पोलिसांकडे लगेच गुन्हा नोंदवला असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्या कारणाने चोरीचा दावा नाकारता येत नाही. पोलिसांकडच्या उशिराला मात्र हे संरक्षण नाही.

तिसरं पत्र आरटीओला. गाडी जिथे नोंदलेली आहे तिथल्या आरटीओला, चोरी जिथे झाली तिथल्या नव्हे. माझं पत्र कोल्हापूरला रजिस्टर पोस्टाने गेलं. ‘गाडी चोरीला गेली आहे, नावबदल किंवा ना-हरकत देऊ नये’ एवढाच मजकूर आणि सोबत एफआयआरची प्रत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही कळवा आणि हप्ते चालू ठेवा. चोरीमुळे हप्ता थांबत नाही, आणि थकलेला हप्ता पुढे तुमच्याच रकमेतून दंडासकट जातो.

3. एफआयआर वाचून घ्या, विशेषतः चेसिस नंबर

एफआयआर कन्नडमध्ये असते. आपल्यापैकी अनेकांना बोलता येतं, वाचता येत नाही. सही करण्याआधी कन्नड वाचता येणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि तीन गोष्टी वाचून घ्या: वेळ, जागा, आणि आरसीवरचा चेसिस व इंजिन नंबर.

माझ्या एफआयआरमध्ये चेसिसचा एक आकडा चुकला होता. मला तो नवव्या दिवशी कंपनीच्या तपासनिसाने दाखवला. चेसिस जुळत नाही म्हणजे कागदोपत्री चोरीला गेलेली गाडी माझी नव्हेच. मग ठाण्यात पुरवणी जबाब देऊन दुरुस्ती करून घ्यावी लागली, त्यात बारा दिवस गेले. पोलिसांच्या संगणकातही चुकीचाच नंबर चढलेला असतो, म्हणून दुरुस्तीनंतर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत आपला नंबर टाकून गाडी चोरीची म्हणून दिसते का ते बघा.

दुसरी मागणी स्थळ महजराच्या प्रतीची करा. महाराष्ट्रात ज्याला घटनास्थळ पंचनामा म्हणतात तेच हे. गाडी नेमकी कुठे लावली होती, कुलूप होतं का, हे त्यात येतं आणि कंपनीचा तपासनीस पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

4. ‘सी’ म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगा

माझा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागला तो इथे.

गुन्हा खरा आहे पण चोर आणि माल सापडत नाही, असा शेवटचा अहवाल कर्नाटक पोलीस कोर्टात देतात, त्याला ‘सी रिपोर्ट’ म्हणतात. ‘ए’ म्हणजे आरोपपत्र. ‘बी’ म्हणजे गुन्हा घडलाच नाही, फिर्याद खोटी किंवा गैरसमजातून दिलेली, किंवा पुरावाच नाही.

महाराष्ट्रात अक्षरं तीच, अर्थ वेगळे. तिथे ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. ‘बी समरी’ म्हणजे खोटी फिर्याद. आणि ‘सी समरी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून दिलेली फिर्याद, खरी नाही आणि मुद्दाम खोटीही नाही.

परिणाम बघा. पुण्याच्या दावा विभागातून मला ईमेल आला: ‘ए समरीची प्रत द्या.’ मी ठाण्यात जाऊन ‘ए रिपोर्ट’ मागितला. राइटर म्हणाला, “चोर सापडल्याशिवाय ए कसा देऊ? नाळे बर्री.” असे तीन ‘उद्या या’ झाल्यावर एका ओळखीच्या वकिलांनी अक्षरांचा घोळ उलगडून सांगितला. आणि मी ‘सी रिपोर्ट येणार आहे’ असं कळवल्यावर पुण्यातल्या अधिकाऱ्याने फाइलवर काय लिहिलं असेल? ‘सी, म्हणजे गैरसमजाची फिर्याद.’ त्याची चूक नव्हती, तो आयुष्यभर महाराष्ट्रातल्या फाइली बघत आला होता.

म्हणून पहिल्याच पत्रात एक वाक्य घाला: ‘कर्नाटकातील सी रिपोर्ट हा महाराष्ट्रातील ए समरीच्या समान आहे, त्याचा अर्थ गुन्हा खरा, आरोपी व वाहन अप्राप्त.’ आणि पोलिसांकडे मागताना अक्षर सांगू नका, ‘गाडी सापडली नाही याचा अहवाल’ असंच मागा.

5. नव्वद दिवसांनी पोलिसांकडून प्रगतीचं पत्र घ्या

सी रिपोर्टला महिनोन् महिने लागतात. पोलिसांनी तपास बंद करायचा, मग कोर्टात द्यायचा, कोर्टाने तुम्हाला नोटीस काढायची, मग तो मान्य व्हायचा. दुचाकीचा तपास लवकर बंद करायची कुणाला घाई नसते, आणि तो लवकर बंद करा असं आपणही म्हणू शकत नाही.

पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193(3) नुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं. 19 जानेवारीला गुन्हा, म्हणजे 19 एप्रिलपर्यंत. मी 21 एप्रिलला इन्स्पेक्टरांच्या नावे अर्ज दिला: गुन्हा क्रमांक अमुक, आजपर्यंत वाहन सापडले आहे का, तपासाची स्थिती काय, हे या कलमानुसार लेखी कळवावे. 24 तारखेला ठाण्याच्या शिक्क्याचं दोन ओळींचं पत्र मिळालं: तपास चालू आहे, आजपर्यंत वाहन व आरोपी सापडलेले नाहीत.

हे पत्र म्हणजे सी रिपोर्ट नव्हे, आणि तसं कुणाला सांगूही नका. पण कंपनीला जे हवं असतं त्यातलं अर्धं त्यात असतं: गाडी अजून गेलेलीच आहे, आणि पोलिसांनी फिर्याद खोटी ठरवलेली नाही. ठाण्यात दाद लागली नाही तर शहरात पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात आणि तालुक्यात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे तोच अर्ज पोच घेऊन द्या.

6. विनंतीपत्र: काय मागायचं आणि कशाच्या आधारावर

कंपनी शेवटचा अहवाल का मागते ते समजून घेतलं की पत्र नीट लिहिता येतं. तिला दोन भीती असतात. पैसे दिल्यावर गाडी सापडली तर ती कुणाची? आणि उद्या पोलिसांनी ‘बी’ दिला तर दिलेले पैसे परत कसे मिळवायचे? ‘लवकर पैसे द्या’ असं दहादा लिहून उपयोग नाही, या दोन भीतींना उत्तर देणारा कागद पुढे ठेवावा लागतो. तो कागद म्हणजे हमीपत्र.

आधार दोन आहेत. मोटार पॉलिसीच्या नेहमीच्या अटींत चोरीबाबत एवढंच म्हटलेलं असतं की पोलिसांना ताबडतोब कळवावं आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हावी यासाठी कंपनीला सहकार्य करावं. पोलिसांचा अंतिम अहवाल आल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत अशी अट माझ्या पॉलिसीत नव्हती, तुमचीही तपासा. दुसरा आधार विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाचा: कागदपत्रं नाहीत म्हणून दावा फेटाळू नये. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे ध्यानात ठेवा. कंपनी कोणते कागद मागू शकते त्या यादीत, लागू असेल तिथे, हा अहवालही आहे. म्हणजे कंपनी तो मागू शकते, पण नाही म्हणून दावा फेटाळू शकत नाही. त्यामुळे पत्राचा सूर ‘अहवाल देणार नाही’ असा नको, ‘आला की देतो, तोवर काम पुढे न्या’ असा हवा.

मी 28 एप्रिलला पाठवलेलं पत्र असं होतं. बंगळूर किंवा पुण्याला पाठवताना याचंच इंग्रजी करून घ्या.

विषय: दावा क्रमांक ___, वाहन क्रमांक ___, पोलिसांचा अंतिम अहवाल प्रलंबित असताना दाव्याची कार्यवाही करणेबाबत.

महोदय,
माझी दुचाकी दिनांक ___ रोजी बेळगाव येथून चोरीस गेली. त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली असून गुन्हा क्रमांक ___ नोंद आहे. आपणास त्याच दिवशी कळविले आहे. आपल्या तपासनिसाने माझा जबाब, दोन्ही चाव्या व मूळ कागदपत्रे दिनांक ___ रोजी घेतली आहेत.
तपास चालू असून आजपर्यंत वाहन सापडलेले नाही, असे ठाण्याचे दिनांक ___ चे पत्र सोबत जोडले आहे. अंतिम अहवाल न्यायालयात सादर होऊन मान्य होण्यास वेळ लागणार आहे. कर्नाटकातील सी रिपोर्ट हा महाराष्ट्रातील ए समरीच्या समान असतो, याची कृपया नोंद घ्यावी.
विनंती अशी की, 1) सर्वेक्षण व रकमेची निश्चिती आताच पूर्ण करावी, 2) सोबतच्या मसुद्याप्रमाणे हमीपत्र स्वीकारून रक्कम अदा करावी, 3) हे शक्य नसल्यास पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार शक्य नाही, ते लेखी कळवावे.
अंतिम अहवालाची प्रमाणित प्रत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सादर करण्याची जबाबदारी मी घेतो.

तिसरी विनंती कधीही वगळू नका. ‘वरून मंजुरी नाही’ असं फोनवर सांगणं सोपं असतं, पण अटीचा क्रमांक लिहून द्यायची वेळ आली की फाइल पुन्हा वाचली जाते. मला 9 मे रोजी उत्तर आलं: हमीपत्र चालेल.

7. हमीपत्रात काय असावं, काय नसावं

त्यात तीन गोष्टी असतात. गाडी सापडली तर लगेच कळवून ती कंपनीच्या ताब्यात देईन. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल कोर्टाने मान्य केला तर रक्कम परत करीन. अंतिम अहवाल आला की सादर करीन. हे स्टँप पेपरवर, नोटरीसमोर करायचं. कुठल्या राज्याचा आणि किती किमतीचा स्टँप हवा ते कंपनीकडून आधी ईमेलवर विचारून घ्या. मी कर्नाटकचा ई-स्टँप घेऊन केला आणि तो चालला.

पहिल्या मसुद्यात एक ओळ होती: ‘कंपनी मागेल तेव्हा कोणतेही कारण न देता रक्कम परत करीन.’ ती मी काढायला लावली. परत करायचं कारण ठरलेलंच हवं, नाहीतर तपास रखडला म्हणूनही पैसे परत मागता येतील.

सोबत लागणारे कागद:

- एफआयआर, पुरवणी जबाब आणि महजर यांच्या प्रती, कन्नड मजकुराच्या भाषांतरासह
- पोलिसांचं प्रगतीचं पत्र
- आरसी, पॉलिसी, गाडी घेतल्याचं बिल
- दोन्ही मूळ चाव्या
- आरटीओला पाठवलेल्या पत्राची पोच
- सही केलेले फॉर्म 28, 29, 30. कर्ज असल्यास फॉर्म 35 आणि बँकेचं थकबाकीचं पत्र
- कंपनीच्या नावे हक्क सोडल्याचं पत्र, ओळखपत्र, रद्द केलेला चेक

चाव्या आणि आरसी देताना ‘काय काय दिलं’ याची यादी करून त्यावर सही घ्या. फॉर्म 29 आणि 30 वर गाडीचा नंबर भरूनच सही करा. एक चावी हरवली असेल तर तसंच सांगा. बाजारातून दुसरी करून मूळ म्हणून देऊ नका, नवी चावी ओळखू येते आणि मग सगळ्याच जबाबावर संशय येतो. चावी गाडीलाच राहिली होती असं निघालं तर कंपन्या निष्काळजीपणाचं कारण देऊन दावा 75 टक्क्यांवर आणू बघतात. माझ्या आकड्यात ते 46,500 झाले असते.

8. रकमेचा हिशोब

62,000 मधून दुचाकीची सक्तीची वजावट 100 रुपये गेली, राहिले 61,900. कर्जाचे 21,400 थेट फायनान्स कंपनीला गेले. माझ्या खात्यात 40,500 आले. डिस्चार्ज व्हाउचरवर सही करण्याआधी हे आकडे त्यावर लिहिलेले आहेत का बघा. कमी रक्कम दिसली आणि ती मान्य नसेल, तर ‘संपूर्ण व अंतिम’ या शब्दांखाली गुपचूप सही करू नका, आधी लेखी हरकत घ्या.

9. कंपनीने ऐकलंच नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही. तुम्ही राहता ते ठिकाण किंवा कंपनीची शाखा, यांपैकी कुठल्याही हद्दीतल्या लोकपालाकडे जाता येतं. म्हणजे बेळगावात राहणाऱ्याला बंगळूर, आणि पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेची असेल तर पुणेही. पुण्याला मराठीत बोलता येतं, हे मी मनात धरून ठेवलं होतं, जायची वेळ आली नाही.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

10. सी रिपोर्ट कोर्टात आल्यावर

ऑगस्टमध्ये मला कोर्टाची कन्नड नोटीस आली. पैसे मिळालेत म्हणून ती बाजूला ठेवू नका, हमीपत्रावर तुमची सही आहे. ठरलेल्या तारखेला हजर राहून ‘अहवालास हरकत नाही’ असं सांगायचं. अहवाल मान्य झाला की नकलेचा अर्ज करून प्रमाणित प्रत घ्या आणि भाषांतरासह कंपनीला पाठवून पोच ठेवा. नोटिशीवर ‘सी’ ऐवजी ‘बी’ दिसलं, तर मात्र हरकत नाही म्हणू नका, त्याच दिवशी वकील गाठून हरकत नोंदवा.

आणि गाडीच सापडली तर? पैसे मिळण्याआधी सापडली तर कोर्टातून सुपूर्दनाम्यावर सोडवून घ्यायची आणि दावा फक्त मोडतोडीच्या खर्चाचा राहतो. पैसे मिळाल्यावर सापडली तर ती कंपनीची. अशा वेळी ठाण्यातून परस्पर घरी आणू नका, पोलीस आणि कंपनी दोघांनाही त्याच दिवशी लेखी कळवा. ती परत हवीच असेल तर किती रक्कम भरून देता ते कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.